निर्णय कोणाचा होता?

पुण्यात, नाशिकमध्ये किंवा दुबईत दहा-बारा वर्षे काम केलेला मराठी सिव्हिल इंजिनिअर ब्रिटनच्या 'चार्टर्ड इंजिनिअर' पदासाठी अर्ज करायला बसतो, तेव्हा पदवीची प्रमाणपत्रे आणि अनुभवाचे दाखले जमवताना त्याला फारसा त्रास होत नाही. तो अडतो आपल्या व्यावसायिक कामाचे निवेदन लिहिताना. मेट्रो, उड्डाणपूल, धरणाचा सांडवा अशा कामांवर उन्हातान्हात उभे राहिलेली ही माणसे. त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा वाचला की पूल किती मीटर लांब आहे, किती कोटींचा आहे, काँक्रीट कोणत्या प्रतीचे आहे हे सगळे कळते. लिहिणाऱ्याने त्या पुलासाठी काय ठरवले, हे मात्र कळत नाही.

अशा मसुद्यांवर अर्जदारांसोबत बसण्याचे काम मी करत आलो आहे. बहुतेक अर्ज कमकुवत असतात ते काम कमी पडल्यामुळे नव्हे. कामातला स्वतःचा निर्णय कागदावर आलेला नसतो, म्हणून ते कमकुवत ठरतात. तो कागदावर कसा आणायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

कागद कोण वाचतो, कशासाठी वाचतो

ब्रिटनमध्ये स्वतःला 'इंजिनिअर' म्हणवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. 'चार्टर्ड इंजिनिअर' ही पदवी मात्र कायद्याने राखीव आहे. तिची नोंदवही 'इंजिनिअरिंग कौन्सिल' ठेवते आणि अर्ज तपासण्याचे काम वेगवेगळ्या शाखांच्या व्यावसायिक संस्था करतात. सिव्हिल इंजिनिअर बहुतेक वेळा 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' या संस्थेकडे जातात. ही संस्था १८१८ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि १८२८ मध्ये तिला राजाची सनद मिळाली.

आपल्याकडेही चार्टर्ड इंजिनिअर आहेत. कोलकात्याच्या गोखले रोडवर मुख्यालय असलेल्या 'द इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' या संस्थेची स्थापना १९२० ची आणि सनद १९३५ ची. जुन्या यंत्रांच्या आयातीपासून मालमत्तेच्या मूल्यांकनापर्यंत अनेक ठिकाणी जे चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र मागतात, ते या भारतीय व्यवस्थेतले. ब्रिटिश नोंदणी हा वेगळा रस्ता आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी आहे. या लेखात त्या दुसऱ्या रस्त्याबद्दल लिहितो आहे, कारण आखातातल्या आणि ब्रिटनमधल्या सल्लागार कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना त्याचीच गाठ जास्त पडते.

सिव्हिल संस्थेच्या पद्धतीत अर्जदार सुमारे ५,००० शब्दांचा अहवाल लिहितो. त्यातून सात गोष्टी दिसाव्या लागतात: इंजिनिअरिंगची समज आणि तिचा प्रत्यक्ष वापर, व्यवस्थापन आणि नेतृत्व, व्यावहारिक आणि आर्थिक जाण, आरोग्य आणि सुरक्षितता, शाश्वत विकास, संवाद, आणि व्यवसायाशी बांधिलकी. अहवालानंतर मुलाखत होते. अनुभवी इंजिनिअर परीक्षक म्हणून समोर बसतात, अर्जदार थोडक्यात आपले काम मांडतो आणि मग प्रश्न सुरू होतात. सातपैकी एका गोष्टीत जोर आणि दुसरीत शून्य असे चालत नाही. सातही दिसाव्या लागतात.

परीक्षकांना पूल कसा बांधला हे जाणून घ्यायचे नसते. त्यांनी तसे पूल पाहिलेले असतात. उद्या या माणसाच्या सहीवर एखादे काम सोडले, तर माहिती अपुरी असताना तो काय करेल, हे त्यांना ताडायचे असते. भविष्यातली वागणूक ताडण्याचा एकच भरवशाचा मार्ग त्यांच्या हाती असतो, तो म्हणजे मागे तो तशा प्रसंगात कसा वागला हे पाहणे.

खाडीतला पहिला पाइल

आता उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. कोकणात खाडीवरच्या पुलाच्या कामावर सहज घडू शकेल असा प्रसंग मी इथे रचला आहे.

पुलाला खाडीत पाच खांब आहेत. प्रत्येक खांबाखाली १.२ मीटर व्यासाचे चार पाइल, म्हणजे एकूण वीस. भूस्तराच्या मूळ तपासणीत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या खांबापाशी बोअरहोल घेतले होते, मधल्या दोन ठिकाणी घेतले नव्हते. चौथ्या खांबापाशी खडक ११.६ मीटर खोलीवर लागेल असे गृहीत धरून पाइल खडकात २.४ मीटर रुतवायचा होता. म्हणजे पाइलचे टोक १४ मीटरवर.

काम चौथ्या खांबापासून सुरू झाले, कारण रिग उभी करायचा तात्पुरता प्लॅटफॉर्म तिथे आधी तयार झाला. डिझाइन करणाऱ्या सल्लागार कंपनीची एक तरुण इंजिनिअर साइटवर प्रतिनिधी म्हणून होती. पहिल्याच पाइलचे खोदकाम १३.२ मीटरवर आले आणि वर येणारा चुरा काळपट होता तो लाल झाला. रिगचा वेग एकदम वाढला. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या: खडकात मऊ थर लागला आहे.

दख्खनचा बेसॉल्ट एका झटक्यात तयार झालेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी वरच्या पृष्ठभागाची झीज होऊन लाल मातकट पट्टा तयार झाला, आणि मग त्यावर पुढचा लाव्हा आला. भूशास्त्रज्ञ त्याला 'रेड बोल' म्हणतात. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे हे लाल पट्टे सहज दिसतात. जमिनीखाली ते दिसत नाहीत. कोरडे असताना ते बरे भासतात, पण पाणी लागले की मऊ पडतात. पाइलचे टोक अशा थरावर किंवा त्याच्या जेमतेम वर टेकले, तर वर्षानुवर्षे थोडे थोडे खचत राहण्याची भीती असते.

१३.४ मीटरवर तिने खोदकाम थांबवायला सांगितले. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंगमध्ये चौदा मीटर आहे, साठ सेंटिमीटर राहिलेत. चौदा करून काँक्रीट टाकू, नंतर लोड टेस्ट घेऊच की."

हा सल्ला वेडगळ नव्हता, आणि म्हणूनच इथे निर्णयाला किंमत आहे. रिग रिकामी उभी राहिली तर तिचे भाडे चढत होते. जूनच्या आधी तात्पुरता प्लॅटफॉर्म खाडीतून काढायचा होता. लोड टेस्ट हा मान्य मार्ग होताच. तिने तरीही तो का नाकारला?

एका पाइलवर चाचणीचे वजन ठेवले की त्याचा दाब टोकाखाली दोन-अडीच मीटरपर्यंत जाणवतो आणि चाचणी काही तासांत किंवा दिवसांत संपते. खांबाखाली मात्र चार पाइल मिळून काम करतात. त्यांच्या बाहेरच्या कडा धरल्या तर गटाची रुंदी ४.८ मीटर होते, आणि एवढ्या रुंद गटाचा दाब त्याच्या दीडपट खोलीपर्यंत, म्हणजे सातेक मीटर खाली सहज पोहोचतो. एकटा पाइल चाचणीत पास होईल आणि चौघांचा गट पुढच्या दहा वर्षांत खचेल, असे घडू शकते. लोड टेस्ट ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो तिच्यासमोरचा प्रश्न नव्हता.

तिने तपासणीचे जुने कागद पुन्हा काढले. शेजारच्या तिसऱ्या खांबाच्या बोअरलॉगमध्ये १२.९ ते १४.४ मीटर या टप्प्यात गाभ्याचा फक्त ३८ टक्के भाग हाती आला होता आणि शेरा होता 'खंडित खडक'. वर-खाली नव्वद टक्क्यांच्या पुढे गाभा मिळत असताना मध्येच एवढा कमी मिळाला, याचा एक अर्थ असा की तिथला मऊ भाग खोदताना पाण्याबरोबर वाहून गेला. म्हणजे बोल तिथेही असावा. शिवाय तो बोअरहोल १५ मीटरवरच थांबवला होता, त्यामुळे त्याच्या खाली काय आहे ते कोणालाच माहीत नव्हते.

आता तिच्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते. आज उघड्या असलेल्या या एका खड्ड्याचे काय करायचे, आणि उरलेल्या पाइलांचे काय?

खड्डा तसाच उघडा ठेवला तर बोल भिजून बाजूने ढासळणार. तो आणखी खोल नेऊन लगेच काँक्रीट टाकावे, तर खालचा खडक किती जाड आहे याचा पुरावा नाही. तिने तिसरा मार्ग सुचवला. स्टीलचे केसिंग खडकाच्या माथ्यापर्यंत होते. त्याच्या खाली उघड्या राहिलेल्या १.८ मीटर भागात साधारण दोन घनमीटर कमी ताकदीचे काँक्रीट भरायचे, खड्डा सुरक्षित करायचा आणि पूर्ण माहिती आली की तेच काँक्रीट फोडून पुन्हा खोदायचे. यात खर्च होता, पण पुढचा कोणताही मार्ग बंद होत नव्हता.

डिझाइन बदलण्याचा अधिकार तिला नव्हता. खोदकाम थांबवायला सांगण्याचा होता. तिने तेवढा वापरला, पुण्याच्या ऑफिसमधल्या भूतंत्र विभागाच्या प्रमुखांना फोन करून खड्डा भरण्याला मान्यता घेतली आणि त्याच दिवशी मालक खात्याच्या इंजिनिअरला लेखी कळवले. पाचही खांबांपाशी २४ मीटरपर्यंत नवे बोअरहोल घ्यावेत, अशी शिफारस तिने केली. २४ हा आकडा अंदाजाने आलेला नव्हता: टोक १६-१७ मीटरवर जाईल असे धरले, तर गटाचा दाब पोहोचेल तिथपर्यंतचे सात मीटर त्यात येत होते.

बोअरहोलना नऊ दिवस लागणार होते. तेवढ्या काळात रिग काठावरच्या ॲबटमेंटच्या पाइलांवर नेता येईल, असे तिने ठेकेदाराच्या वेळापत्रकावरून दाखवून दिले. त्यामुळे रिग रिकामी राहिली नाही आणि ठेकेदाराचा विरोधही मावळला.

नव्या बोअरहोलमध्ये बोल फक्त तिसऱ्या आणि चौथ्या खांबाखाली सापडला. चौथ्यापाशी तो १४.३ मीटरवर संपत होता आणि त्याखाली २४ मीटरपर्यंत सलग चांगला खडक होता. तिसऱ्यापाशीही पातळ्या जवळपास तशाच होत्या. म्हणून या दोन खांबांचे आठ पाइल बोल ओलांडून खालच्या खडकात २.४ मीटर रुतवायचे ठरले. टोक १६.७ मीटरवर, म्हणजे प्रत्येक पाइल २.७ मीटर जास्त लांब. बांधून ठेवलेले सळयांचे पिंजरे वाढवावे लागले आणि दर पाइलला तीन घनमीटरच्या आसपास जास्त काँक्रीट लागले. आठ पाइलांचे मिळून चोवीसेक घनमीटर. बोअरहोल न घेता 'सावधगिरी' म्हणून वीसही पाइल तेवढेच लांबवले असते, तर साठच्या वर गेले असते.

एकाच प्रसंगाचे दोन मसुदे

हा प्रसंग जगलेली इंजिनिअर पहिल्या मसुद्यात बहुधा असे लिहिते:

"खाडीवरील महत्त्वाकांक्षी पुलाच्या पाइल फाउंडेशनमध्ये माझा सक्रिय सहभाग होता. खोदकामादरम्यान अनपेक्षित भूस्तर आढळल्याने वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली योग्य ती उपाययोजना करण्यात आली. सर्व मानकांचे व सुरक्षिततेच्या नियमांचे काटेकोर पालन करून काम वेळेत पूर्ण करण्यात आले."

यातले एकही वाक्य खोटे नाही. पण हा परिच्छेद त्या साइटवरच्या कोणाही माणसाच्या नावाने खपेल. 'योग्य ती उपाययोजना' या तीन शब्दांत तिचे सगळे नऊ दिवस गडप झाले आहेत. सरकारी पत्रव्यवहाराची आपल्याला सवय असते आणि तिथे कर्ता लपवणे ही शिस्त मानली जाते. संघातल्या इतरांचे श्रेय आपण घेतो आहोत की काय, हा संकोचही असतो. या निवेदनात मात्र कर्ता लपला की पुरावाच लपतो.

दुसरा मसुदा असा होऊ शकतो:

"चौथ्या खांबाच्या पहिल्या पाइलमध्ये १३.२ मीटरवर लाल बोल लागला. टोक १४ मीटरवर ठेवले असते तर ते याच थरात आले असते. मी खोदकाम थांबवायला सांगितले. ठेकेदाराने लोड टेस्टवर विसंबण्याचे सुचवले, पण एका पाइलची चाचणी चार पाइलांच्या गटाचे दीर्घकाळचे खचणे दाखवत नाही, म्हणून मी ते मान्य केले नाही. डिझाइन बदलणे माझ्या अधिकारात नव्हते. मी विभागप्रमुखांच्या संमतीने खड्डा तात्पुरता भरून घेतला आणि पाचही खांबांपाशी २४ मीटर खोल बोअरहोल घेण्याची शिफारस केली. ती मालकाने स्वीकारली. बोल दोनच खांबांखाली सापडल्याने फक्त आठ पाइल २.७ मीटरने वाढवले. नऊ दिवसांच्या काळात रिग ॲबटमेंटवर वळवण्याचे वेळापत्रक मी ठेकेदारासोबत बसवले."

या मसुद्यात विशेषण जवळजवळ नाही. पुलाची किंमत नाही. पण वाचणाऱ्याला पाच गोष्टी क्रमाने मिळतात: समोर काय आले, कोणते पर्याय होते, त्यातला कोणता का नाकारला, स्वतःचा अधिकार कुठवर होता, आणि शेवटी काय झाले. निवेदनातला प्रत्येक प्रसंग या पाच प्रश्नांवर घासून पाहावा. ज्याचे उत्तर सापडत नाही, तिथे प्रसंग अपुरा लिहिलेला आहे किंवा तो निर्णय आपला नव्हताच. दुसरे कारण असेल तर तो प्रसंग काढून टाकावा.

सात गोष्टींसाठी सात वेगळे प्रसंग शोधावे लागत नाहीत, हेही इथे दिसते. दाबाच्या खोलीचा विचार ही इंजिनिअरिंगची समज झाली. रिग वळवणे ही आर्थिक जाण. उघडा खड्डा भरणे ही सुरक्षितता. अनावश्यक छत्तीसेक घनमीटर काँक्रीट वाचवणे म्हणजे तेवढे सिमेंट आणि तेवढा कार्बन वाचवणे. ठेकेदाराला पटवणे हा संवाद. चांगला निवडलेला एकच प्रसंग यांतल्या चार-पाच गोष्टी स्वतःच पुढे आणतो. 'शाश्वत विकासाबाबत मी जागरूक आहे' हे वाक्य वेगळे लिहावे लागले, की समजावे प्रसंग नीट निवडलेला नाही.

अधिकाराची हद्द का सांगायची

अनेक अर्जदारांना 'हे माझ्या अधिकारात नव्हते' असे लिहायला भीती वाटते. आपण लहान दिसू, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात परीक्षकांना हे वाक्य आवडते, आणि त्याला इतिहासातले कारण आहे.

१९०७ साली कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पोलादी पूल उभा राहत होता. त्याच्या खालच्या, दाब घेणाऱ्या भागांत वाक दिसू लागला. साइटवरचा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्लूअर याने तो मोजला, वरिष्ठांना कळवला आणि शेवटी स्वतः न्यूयॉर्कला जाऊन सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर यांना भेटला. कूपर यांनी पुलावर आणखी वजन टाकू नये अशी तार केली, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याच्या ऑफिसला. साइटवर काम चालूच राहिले. २९ ऑगस्टला दिवसाचे काम संपता संपता पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. चौकशी आयोगाने मुख्य ठपका डिझाइनमधल्या निर्णयाच्या चुकांवर ठेवला. त्याबरोबरच, अनुभवी पूल-इंजिनिअरला मुख्य इंजिनिअर म्हणून न नेमणे ही चूक होती, असेही नोंदवले.

वाक दिसला होता, मोजला गेला होता आणि कळवलाही गेला होता. काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कधी वापरायचा, हे मात्र जागेवर ठरलेले नव्हते. म्हणूनच जबाबदारी या शब्दात दोन गोष्टी येतात: आपल्या हातात जे आहे ते वेळेवर वापरणे, आणि जे नाही ते ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत वेळेवर, लेखी पोहोचवणे. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरने दोन्ही केले. ते तिने स्पष्ट लिहिले, तर तिचे निवेदन मोठे होते.

उलट बाजूला फुगवलेले निवेदन असते. 'मी संपूर्ण फाउंडेशनचे डिझाइन केले' असे लिहिले आणि प्रत्यक्षात गणिते ऑफिसमधल्या दुसऱ्या कोणी केलेली असली, तर मुलाखतीत दहा मिनिटांत ते उघडे पडते. परीक्षक साधे विचारतात, "बोल चार मीटर जाड निघाला असता तर काय केले असते?" ज्याने निर्णय खरोखर घेतलेला असतो, तो लगेच विचार करू लागतो: तेवढ्या जाडीला ओलांडणे परवडेल का, पाइलांची संख्या वाढवून वरच्या खडकावर भार पसरवता येईल का, पाइल-कॅप मोठी करावी लागेल का. ज्याने निर्णय फक्त पाहिलेला असतो, तो पुन्हा घडलेलीच गोष्ट सांगतो. शिवाय अर्जाला पाठिंबा देणाऱ्या प्रायोजकांना आपल्या नावानिशी त्याची ग्वाही द्यायची असते. फुगवलेल्या वाक्याचा भार त्यांच्यावरही पडतो.

आणखी एका ठिकाणी मसुदे फसतात: सगळेच प्रसंग गोड शेवटाचे असतात. खऱ्या कामात निर्णयाला किंमत मोजावी लागते. आपल्या उदाहरणात दोन घनमीटर काँक्रीट भरून पुन्हा फोडावे लागले, पिंजरे वाढवण्यात सळई गेली आणि मालकाला जादा कामाचे बिल मंजूर करावे लागले. हे लिहिले पाहिजे. कोणत्या तोट्याच्या बदल्यात कोणता धोका टाळला, हा तोल दिसला की वाचणाऱ्याला निर्णयक्षमता दिसते. तोट्याशिवाय मिळालेल्या फायद्याला निर्णय लागत नाही.

निर्णय कुठून शोधायचे

अडचण अशी की दहा वर्षांनी बसून हे आठवत नाही. १३.२ मीटर की १२.३, फोन कोणाला केला, ठेकेदार नक्की काय म्हणाला, हे तपशील सहा महिन्यांत पुसट होतात आणि मग 'योग्य ती उपाययोजना' एवढेच उरते. त्या वेळच्या साइट डायऱ्या, ईमेल, बैठकांची इतिवृत्ते आणि ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्या हा खरा कच्चा माल आहे. ड्रॉइंगची आवृत्ती बदलली असेल तिथे कोणीतरी काहीतरी ठरवलेले असते. आपल्या नावचा ईमेल 'थांबा', 'मान्य नाही' किंवा 'पुन्हा तपासा' असे सांगतो, तिथे प्रसंग असण्याची शक्यता सर्वाधिक. मालकाची गोपनीय माहिती मात्र बाहेर जाऊ देऊ नये. दर, वाद आणि नावे काढूनही निर्णय पूर्णपणे सांगता येतो.

निवडताना प्रकल्पाचा आकार पाहू नये. समुद्रावरच्या महाकाय पुलावर सळयांचे वेळापत्रक तपासणाऱ्यापेक्षा, तालुक्याच्या लहान मोरीवर पुराची पातळी कमी धरली आहे हे ओळखून बांधकामाची उंची बदलायला लावणाऱ्याकडे सांगण्यासारखे जास्त असते. काम मोठे असणे आणि आपला निर्णय मोठा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लेख वाचणाऱ्या अनेक तरुण इंजिनिअरांना आपल्याकडे लिहिण्यासारखे काही नाही असे वाटते, त्याचे कारण ते पहिल्या गोष्टीकडे पाहत असतात.

अर्ज पाच वर्षांनी करायचा असला तरी नोंद आजच सुरू करा. एक साधी वही पुरे. ज्या दिवशी कामावर काही ठरवावे लागले, त्या दिवशी पाच ओळी लिहा: समोर काय आले, पर्याय कोणते होते, कोणता का सोडला, अधिकार कोणाचा होता आणि पुढे काय झाले. मोजमाप असेल तर तेही आकड्यात लिहा. महिन्याला एक नोंद झाली, तरी पाच वर्षांनी साठ प्रसंग हाती असतील. निवेदनाला त्यांतले चार-पाच पुरतात.

आणि अर्ज केला नाही, तरी वही वाया जात नाही. ज्या पानावर 'अधिकार कोणाचा' ही ओळ कोरी राहील, तिथे तुमच्या साइटवर काहीतरी ठरवायचे राहून गेले आहे. ते काम वाढण्याआधी ठरवून घ्या.